उलटीत रक्त, की उलटीनंतर छातीत कळ?

खानापूरहून पुतण्याचा रात्री अकराला फोन. "काका, मित्राला चौथ्या उलटीत लालभडक रक्त पडलं. बेळगावला आणू की सकाळपर्यंत थांबू?"

जोराच्या उलटीने अन्ननलिकेचं खालचं टोक दोन तऱ्हेने फाटतं. जठराच्या तोंडाशी फक्त आतलं अस्तर चिरलं, तर ती मॅलरी-वाइस चीर. नळीची भिंत आरपार फाटली, तर बोअरहाव्ह फाट. ती बहुधा डाव्या बाजूला, जठराच्या जरा वर असते.

रक्ताचं म्हणाल तर गंमत उलटी आहे: चिरेत रक्त दिसतं, आरपार फाटीत थोडंच किंवा नाहीच. तिथे बोलते ती कळ. उलटीपाठोपाठ छातीत सुरी खुपसल्यासारखी, पाठीत जाणारी, श्वास घेताना वाढणारी. हार्ट अटॅक समजून यातच वेळ जातो. कधी गळ्याची कातडी दाबली की बोटाखाली कुरकुर लागते. ती बाहेर निसटलेली हवा.

चीर दुर्बिणीने दिसते. रक्त बहुतेकदा आपोआप थांबतं, नाहीतर क्लिप लावतात. फाटीला सीटी स्कॅन, अँटिबायोटिक आणि बहुधा ऑपरेशन लागतं. २४ तास उलटले की जीव वाचणं अवघड होतं.

मित्राला कळ नव्हती, रक्तही चमचाभरच. तरी "आत्ताच आण" म्हटलं, कारण रक्त किती जाईल ते घरी कळत नाही. दुर्बीण झाली, चीर निघाली, क्लिपही लागली नाही. कळ असती तर पाण्याचा घोटही न देता, थेट सर्जन असलेल्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं असतं.