पोहताना ठोके कमी का पडतात आणि पाण्यातले झोन कसे ठरवावेत: तीन पद्धतींची तुलना

गंगापूर रोडवर आरामात धावताना हृदयाचे मिनिटाला १४० ठोके पडणारा धावपटू तलावात उतरला की घड्याळ १२५ दाखवतं आणि दम मात्र तेवढाच लागलेला असतो. मग तो धावण्याचे झोन, म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेले मेहनतीचे टप्पे, समोर ठेवून १४० गाठायला जातो. दोनशे मीटरनंतर हात जड होतात, कोपर खाली पडतं आणि स्ट्रोकची वाट लागते. नाशिकमध्ये धावणं आणि सायकलिंग आधी, पोहणं नंतर अशा क्रमाने ट्रायथलॉनकडे वळणाऱ्यांची ही नेहमीची चूक. त्यांच्यासमोर तीन पर्याय असतात: धावण्याच्या झोनमधून सरसकट वजाबाकी, पाण्यातच कमाल ठोक्यांची चाचणी, किंवा ठोके बाजूला ठेवून वेगावर आधारलेले झोन.

निवड करण्याआधी ठोके का उतरतात ते पाहू, कारण प्रत्येक पद्धतीची मर्यादा तिथूनच येते. धावताना उभ्या शरीरात रक्त पायांकडे साचू पाहतं. पाण्यात शरीर आडवं असतं आणि पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. हृदयात जास्त रक्त भरतं, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, म्हणून तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. शिवाय पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा फार वेगाने ओढून घेतं. उन्हाळ्यात धावताना घाम काढण्यासाठी कातडीकडे रक्त पाठवायचं जे जादा काम हृदयावर पडतं, ते इथे जवळजवळ नसतं. तोंड पाण्यात असताना श्वास रोखला की ठोके मंदावण्याची प्रतिक्षिप्त क्रियाही थोडा हातभार लावते. कमाल ठोकेही पाण्यात कमी भरतात. बहुतेकांत हा फरक १० ते १५ असतो. त्यामागे आणखी एक कारण आहे: फ्रीस्टाइलमध्ये मुख्य काम हात आणि पाठ करतात, मांड्यांसारखे मोठे स्नायू पूर्ण जोराने चालत नाहीत.

नवशिक्याचं मात्र उलटही होतं. पाय जोरजोरात मारणारा आणि डोकं वर काढून श्वास घेणारा माणूस ५० मीटरमध्येच ठोके वर नेतो. ‘पाण्यात ठोके कमीच असतात’ हा नियम त्याला लागू पडत नाही, आणि वजाबाकीची पद्धतही त्याच्या कामाची नाही.

एक उदाहरण धरू. वय ३८, धावताना कमाल ठोके १८४. कमालच्या ७० ते ८० टक्के हा दुसरा झोन मानला, तर धावण्यात तो १२९ ते १४७ येतो.

वजाबाकी. प्रत्येक झोनमधून १२ वजा केले की दुसरा झोन ११७ ते १३५ झाला. पाच मिनिटांत काम होतं, फक्त धावण्याचा कमाल आकडा खरा हवा. तो ‘२२० वजा वय’ या सूत्रातून आला असेल, तर आधीच दहा-बारा ठोक्यांची चूक असू शकते आणि त्यावर दुसरा अंदाज चढतो. ज्याचा खरा फरक ६ आहे त्याचे झोन खाली जातात, ज्याचा १८ आहे त्याचे वर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी ही पद्धत ठीक, कायमची नको.

पाण्यातली चाचणी. ४०० मीटर हळू पोहून अंग मोकळं करा, मग वेग वाढवत ४ वेळा ५० मीटर. नंतर २० सेकंदांच्या विश्रांतीने २०० मीटर तीनदा: पहिलं मध्यम, दुसरं जोरात, तिसरं सगळा जीव लावून. तिसऱ्याच्या शेवटी दिसणारा सर्वात मोठा आकडा तुमचा पाण्यातला कमाल. आपल्या माणसाचा १७२ भरला, म्हणजे दुसरा झोन १२० ते १३८. वजाबाकीच्या उत्तराशी हा बराच जुळतो, कारण त्याचा फरक योगायोगाने १२ च निघाला. तो ज्या १४० च्या मागे लागला होता, ते पाण्यातल्या कमालच्या ८१ टक्के होतात, म्हणजे तिसरा झोन. हात जड पडण्याचं कोडं इथे सुटतं. फ्रीस्टाइलवर काढलेले झोन ब्रेस्टस्ट्रोकला लावू नका, त्यात पायांचा वाटा वेगळा असतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही चाचणी करू नये.

या पद्धतीची खरी अडचण मोजण्यात आहे. मनगटावरचं घड्याळ पाण्यात फसतं: पट्ट्याखाली पाणी शिरतं आणि प्रत्येक स्ट्रोकला मनगट हलतं. आलेख पायऱ्यांसारखा सपाट दिसला किंवा १३० वरून अचानक ८५ वर आला, तर तो आकडा टाकून द्या. छातीचा पट्टा अचूक असतो, पण ब्लूटूथचा सिग्नल पाण्यातून जात नाही. त्यामुळे आकडे स्वतःत साठवून बाहेर आल्यावर घड्याळाला देणाराच पट्टा हवा. उघड्या छातीवर तो भिंतीला पाय मारून सुटताना घसरतो, ट्राय-सूटखाली टिकतो. गॉगलच्या पट्ट्यात अडकवून कानशिलावर बसवायचा सेन्सर हा मधला मार्ग.

काहीच नसेल तर भिंतीला हात लागताच मानेवर नाडी धरून १० सेकंद मोजा आणि सहाने गुणा. २८ भरले तर १६८, २९ भरले तर १७४. एका ठोक्याच्या चुकीने सहाचा फरक पडतो. शिवाय थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, म्हणून गॉगल वर करण्यात पाच सेकंद घालवली तर मोजणी फुकट.

वेगाचे झोन. यात ४०० आणि २०० मीटर, मध्ये पूर्ण विश्रांती घेऊन, पूर्ण ताकदीने पोहायचे. आपल्या माणसाला ८:४० आणि ४:०८ लागले. वेळांमधला फरक ४:३२, त्याचं अर्धं २:१६. हा त्याचा १०० मीटरचा क्रिटिकल स्विम स्पीड, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल असा जोराचा वेग. हळू लांब पोहणं २:२८ ते २:३६ ला, मुख्य सेट २:१४ ते २:१८ ला. पट्टा लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. मात्र पहिल्या १०० मीटरला उडी मारून नंतर ढेपाळलात तर ४०० ची वेळ वाढते आणि सगळा हिशेब खोटा ठरतो. आणि हा आकडा त्याच लांबीच्या तलावासाठी धरा: २५ मीटरच्या तलावात वळणं जास्त, भिंतीचा धक्का जास्त, म्हणून वेळ कमी येते.

निवड करायची तर आमचा कौल असा. ५०-१०० मीटरच्या तुकड्यांना वेगच वापरा, कारण ठोके वर चढायला वेळ लागतो आणि तोवर तुकडा संपतो. न थांबता २०-३० मिनिटांच्या हळू पोहण्याला चाचणीचे ठोके लावा. पोहणाऱ्याला ४०० मीटर सलग जमत नसतील, तर दोन्ही सोडून द्या आणि श्वासावर जा: भिंतीला लागल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग हळूच आहे.

चाचणी केव्हा करता यालाही महत्त्व आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा एक आकडी होतो, आणि उघड्या तलावाचं पाणी सकाळी गार असतं. गार पाण्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणखी रक्त छातीकडे येतं आणि त्याच वेगाला ठोके अजून खाली जातात. हिवाळ्यात ११८ दिसले म्हणून फिटनेस वाढला असं समजू नका, आणि एप्रिलमध्ये तेच १२७ झाले म्हणून घाबरू नका. म्हणून चाचणी दोनदा, एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात, शक्यतो सकाळच्या त्याच वेळी. घड्याळात पोहण्याचे झोन धावण्यापासून वेगळे भरायची सोय असेल, तर १७२ हा आकडा तिथेच टाका, मुख्य कमालच्या जागी नाही. नाहीतर पुढच्या आठवड्यात गंगापूर रोडवरची साधी धाव तुम्हाला तिसऱ्या झोनमध्ये दिसेल.