गोल बाटलीवर लेबल बसवायचं: वॉर्प, डिस्प्लेस की ब्लेंडर?

गिरगावातल्या एका काकूंच्या कोकम सरबताचं लेबल मी केलं. काचेची सरळ, गोल बाटली, व्यास 70 मिमी. लेबल 140 मिमी रुंद. छपाईआधी ऑर्डर घ्यायला त्यांना फोटो हवा होता, म्हणून बाटलीचा फोटो काढून फोटोशॉपमध्ये त्यावर डिझाइन वाकवून बसवलं. छान दिसलं. मग घरच्या प्रिंटरवर लेबल खऱ्या मापात छापलं, बाटलीला गुंडाळलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. काकू म्हणाल्या, "अगं, 'सरबत'मधला 'त' कुठे गेला?"

फोटोत तो 'त' स्वच्छ दिसत होता, कारण मी लेबल नुसतं वाकवलं होतं, गुंडाळलं नव्हतं. कुठली पद्धत निवडायची हे ठरवताना मी आता हाच फरक आधी बघते.

70 मिमी व्यासाच्या बाटलीचा घेर साधारण 220 मिमी. समोरून फार तर अर्धा दिसतो, म्हणजे 110. माझ्या 140 मिमी लेबलची दोन्ही बाजूंची निदान 15-15 मिमी पट्टी मागेच जाते. जे दिसतं तेही सारखं दिसत नाही. मध्यरेषेपासून एका बाजूला पहिले 18 मिमी डोळ्याला जवळपास तेवढेच, सव्वासतरा मिमी दिसतात. कडेचे शेवटचे 18 मिमी मात्र आकसून पाच मिमीसुद्धा उरत नाहीत. माझं 'कोकम सरबत' 100 मिमी पसरलं होतं, म्हणून शेवटचं अक्षर त्या आकसलेल्या पट्टीत गेलं.

आता पद्धती. पहिली, हाताने वॉर्प. डिझाइन आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे पुढे मजकूर बदलला तरी वाकवलेलं तसंच राहतं. मग Edit > Transform > Warp. यादीतलं Arc घेऊ नका, त्यात लेबलच्या उभ्या कडा पंख्यासारख्या तिरक्या होतात. Arch मध्ये त्या उभ्याच राहतात, पण वरची आणि खालची कड सारखीच वाकते आणि अक्षरं कडेला आकसत नाहीत. मी नेमकं तेच वापरलं होतं. नव्या आवृत्त्यांमध्ये Cylinder आहे. तुमच्याकडे असेल तर सुरुवात तिथून करा.

नसेल तर Custom घ्या आणि कोऱ्या पांढऱ्या कागदाचं लेबल चिकटवलेल्या बाटलीचा फोटो समोर ठेवा. त्या कागदाच्या कडा किती झुकल्यात ते मोजा. कॅमेरा जरा वरून असेल तर दोन्ही कडा खाली झुकतात आणि खालची जास्त झुकते. माझ्या फोटोत वरची कड मधोमध 60 पिक्सेल झुकली होती, खालची 90. आधी डिझाइनमधून मागे जाणाऱ्या पट्ट्या कापा आणि चारही कोपरे बाटलीच्या कडांवर बसवा. मग आडव्या कडांवरची हँडल्स कोपऱ्यांच्या उभ्या रेषेत येतील इतकी बाहेर सरकवा आणि झुकावाच्या सव्वापटीपेक्षा किंचित जास्त खाली ओढा: वर 80, खाली 120 पिक्सेल. आतली जाळी मागे राहिली तर तीही त्याच प्रमाणात सरकवा. अक्षरं कडेला आकसतात ती हँडल्स बाहेर सरकवल्यामुळे. नुसती खाली ओढली तर कड वाकते आणि अक्षरं पूर्वीइतकीच रुंद राहतात. हे सगळं लेबल दोन्ही बाजूंना मागे जात असेल तेव्हासाठी. लहान लेबल असेल तर हँडल्स कमी सरकवा.

बरोबर जमलं का हे बघायला डिझाइनच्या जागी चौकटींचा कागद टाका. मधल्या चौकटी चौरस आणि कडेच्या अरुंद उभ्या फटींसारख्या दिसल्या पाहिजेत.

दुसरी पद्धत Displace. कापडाच्या सुरकुत्यांसाठी ती उत्तम आहे, बाटलीसाठी मी ती नाकारते. हा फिल्टर उजेडाला उंची समजतो. मधला राखाडी जागेवर राहतो, गडद आणि उजळ भाग विरुद्ध दिशांना सरकतात. बाटलीवर खिडकीचा उजेड उभ्या पट्टीसारखा पडतो, आणि नेमक्या त्या पट्टीत अक्षरं मोडल्यासारखी सरकतात. कागद तिथे सपाट आहे, तरी फोटो सांगतो की तिथे उंचवटा आहे.

उजेड-सावलीचं काम वेगळं करावं लागतं. कोऱ्या लेबलचा फोटो रंग काढून डिझाइनवर Multiply मध्ये ठेवा, पण आधी Levels ने कागदाचा सपाट उजळ भाग जवळपास शुद्ध पांढरा करा. नाहीतर कोकमाचा लाल विटकरी होतो. Multiply फक्त गडद करू शकतं, चमक आणू शकत नाही. चमकेसाठी त्याच फोटोची दुसरी प्रत, फक्त सर्वांत उजळ भाग ठेवून बाकी काळी करून, Screen मध्ये. आणि काचेवरची धारदार चमक लेबलवरून सरळ पुढे नेऊ नका. मॅट कागदावर ती लेबलच्या कडेशी तुटते आणि रुंद, पुसट होते. सगळीकडे एकच चमक दिसली की लेबल काचेच्या आत छापल्यासारखं वाटतं.

तिसरी पद्धत ब्लेंडर, 3D चित्रं करायचं फुकट सॉफ्टवेअर. खऱ्या व्यासाचा सिलिंडर, त्यावर खऱ्या मापाचं लेबल. आकसणं, झुकाव, मागे जाणं, सगळं आपोआप बरोबर येतं, चमकसुद्धा, कारण कागदाचा खरखरीतपणा तुम्ही स्वतः ठरवता. पण काच, आतलं सरबत आणि प्रकाश पटण्याजोगा करायला नवख्या माणसाचे दोन-तीन दिवस सहज जातात. एक अडचण हमखास येते: 4.0 पासून AgX हे दृश्य-रूपांतर आपोआप लागू असतं आणि ते भडक रंग फिके करतं. लेबलचा रंग काकूंना दाखवायचा असेल तर View Transform ला Standard निवडा.

म्हणून माझा हिशोब असा. एक बाटली, एक कोन, हातात बाटली आहे: वॉर्प, आणि कोऱ्या कागदाचा फोटो सक्तीने. एकाच कोनातून तीन चवी असतील तरी वॉर्पच, स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये फक्त डिझाइन बदलायचं. बाटली अजून आलेली नाही, किंवा तीच बाटली समोरून, बाजूने, वरून दाखवायची आहे: ब्लेंडर. तिथे वॉर्प प्रत्येक कोनासाठी नव्याने करावं लागतं आणि दोन फोटोंत लेबलची रुंदी जुळत नाही.

एक मर्यादा दोघांनाही आहे. कागद एकाच दिशेने वाकतो. मानेकडे निमुळत्या होणाऱ्या फुगीर खांद्यावर स्क्रीनवर लेबल सुंदर बसेल, छापलेलं मात्र तिथे चुण्या पडून उचलेल. नुसता शंकूसारखा निमुळता भाग असेल तर लेबल कमानीच्या आकारात कापावं लागतं. दादरच्या बाजारातून आणलेल्या बाटलीवर पट्टी ठेवून बघा. उभ्या दिशेने पट्टी जिथे काचेला पूर्ण टेकत नाही, तिथे लेबल नको.

काकूंचं नाव आम्ही 100 वरून 70 मिमीवर आणलं. 'त' आता समोरून पूर्ण दिसतो, आणि रिकाम्या झालेल्या बाजूंना कोकमाची दोन-दोन फळं बसली.