७५० वॅटचा मिक्सर, वर्षभराच्या वापरानंतर: ३ नंबरचा वेग आणि कार्बनची झीज

रोजची चटणी, दाण्याचा कूट, आठवड्याला इडलीचं पीठ, मधूनच गोडा मसाला, एवढं काम या मिक्सरवर चालतं. वाटण बारीक येतं, झाकणं घट्ट बसतात, आवाज मात्र कानठळ्या बसवणारा. पण हे कुणीही सांगेल. इथे मोटरबद्दल लिहितोय, कारण वॉरंटी संपल्यावर खर्च बहुधा तिथेच निघतो, आणि तो कधी निघणार हे बरंचसं आपण बटण कसं फिरवतो यावर ठरतं.

आत युनिव्हर्सल मोटर आहे. बाहेरची फील्ड कॉइल आणि मधलं फिरतं आर्मेचर एकाच माळेत जोडलेले असतात, त्यामुळे दोन्हींतून तोच करंट जातो. फिरताना आर्मेचर स्वतःच उलट्या दिशेचा व्होल्टेज तयार करतं आणि करंटला आवर बसतो तो त्याच्यामुळे. भार वाढला की वेग उतरतो, हा उलटा व्होल्टेज कमी होतो, करंट वाढतो आणि मोटर जास्त जोर लावते. पूर्ण भाराला साधारण साडेतीन अँपिअर ओढणारी मोटर पातं अडकलं तर त्याच्या कितीतरी पट ओढते.

आता वेगाचं. १ नंबरवर व्होल्टेज कमी मिळत असेल असं आपण धरून चालतो. या मिक्सरमध्ये तसं नाही. फील्ड कॉइलमधून मध्ये मध्ये तारा काढून त्या स्विचला जोडल्यात. १ वर सगळे वेढे कामाला असतात. ३ वर त्यातले काही वगळले जातात, म्हणजे चुंबकक्षेत्र कमजोर होतं. कमजोर क्षेत्रात तेवढाच उलटा व्होल्टेज तयार व्हायला आर्मेचरला जास्त जोरात फिरावं लागतं, म्हणून वेग वाढतो. याची किंमत अशी, की तेवढाच जोर लावायला करंट जास्त लागतो. घट्ट वाटण थेट ३ वर सुरू करणं मोटरला का जड जातं, ते यातून कळतं.

हा सगळा करंट आर्मेचरमध्ये शिरतो दोन कार्बनमधून. ते स्प्रिंगच्या दाबाने कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या दांड्याभोवती बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासत राहतात. आर्मेचरचे मिनिटाला १८,००० फेरे धरले तर सेकंदाला ३००. पट्ट्या २४ धरल्या तर कार्बनखालून सेकंदाला ७,२०० पट्ट्या सरकतात. दर वेळी आर्मेचरच्या एका कॉइलमधला करंट सेकंदाच्या सुमारे सात हजाराव्या भागात उलटा व्हावा लागतो. कॉइल ते सहज होऊ देत नाही, आणि पट्टी कार्बन सोडते तिथे ठिणगी उडते. नुसत्या घासण्याने कार्बन हळूहळू झिजतो, ठिणगी मात्र त्याची कड जाळते आणि तांबंही खरबरीत करते. मग ते खरबरीत तांबं कार्बन आणखी वेगाने खातं. थोड्या बारीक निळसर ठिणग्या या मोटरमध्ये असतातच, त्यांना घाबरू नका.

इडलीच्या पिठाला भांडं निम्म्याच्या वर भरू नये. आधी १ वर अर्धा मिनिट चालवून तांदूळ फोडून घ्यायचे, मग बराचसा वेळ २ वर, आणि ३ फक्त शेवटी, पीठ सैल फिरायला लागल्यावर. सगळं १ वरच करणंही बरोबर नाही. थंड करणारा पंखा आर्मेचरच्याच दांड्यावर असतो, त्यामुळे वेग कमी तर वाराही कमी. खोबऱ्याचा मसाला पात्याखाली चिकटून मोटर नुसती गुंगायला लागली, तर लगेच बंद करून चमच्याने मोकळा करा. तळाचं लाल ओव्हरलोड बटण उडालं तर मोटर गार झाल्यावरच दाबा.

मिक्सर मध्येच थांबतो, टिचकी मारली की चालतो, वेग पडलाय, ठिणग्या वाढल्यात, ही कार्बन संपत आल्याची लक्षणं. प्लग काढा, तळाचे स्क्रू सोडा, कम्युटेटरच्या दोन्ही बाजूंचे होल्डर दिसतील. जुना कार्बन कोणत्या बाजूने बसला होता ते आधी खूण करून ठेवा. लांबी नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी उरली असेल तर जोडीच बदला. दुकानात जुना कार्बन सोबत न्या, कारण रुंदी-जाडीत जरा फरक पडला की नवा होल्डरमध्ये अडकतो आणि स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही. कार्बन झिजून साठलेली काळी पूड रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा. ती वीजवाहक असते, त्यात भांड्यातून गळलेलं पाणी मिसळलं तर नको तिथून करंट वाहतो. कम्युटेटरला तेल लावू नका. नवे कार्बन बसवल्यावर १ वर रिकामाच दोन-तीन मिनिटं, थांबत थांबत चालवा. कार्बनचं टोक पट्ट्यांच्या गोलाईला घासून बसलं की ठिणग्या कमी होतात.

त्या कमी झाल्या नाहीत, उलट कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं, तर आर्मेचर हाताने फिरवून पट्ट्या बघा. एक-दोनच पट्ट्या काळ्या, जळलेल्या असतील तर त्यांना जोडलेली कॉइल गेलीय. तिथे कितीही नवे कार्बन घाला, काही दिवसांत खलास. आर्मेचर बदलण्याचा खर्च आधी विचारा, आणि तो नव्या मिक्सरच्या निम्म्यावर जात असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका.