‘मुशीला असा वास येतोच’ असं सांगून मला कुजका बांगडा खपवला

तीन किलो सुकी मासळी घेतली होती. दोन किलो चिरून खारवलेला बांगडा आणि एक किलो मुशीचे तुकडे. विक्रेता म्हणाला, माल ताजा आहे, आत्ताच वाळवून आणलाय. वरून पांढरंशुभ्र मीठ भरपूर होतं, ते बघून मी खूश झाले. पिशवी उघडल्यावर किंचित आंबूस वास आला होता, पण खाऱ्याला काहीतरी वास असणारच असं म्हणून मी सोडून दिलं. आज वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. घरी आल्यावर दोन्ही मासे घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरले आणि ठेवून दिले.

चार महिन्यांनी डबा उघडला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. वास मासळीचा नव्हता, मुतारीचा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते.

विक्रेत्याला फोन केला. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, “ताई, मुशीला असा वास येतोच. दोन पाण्यांनी धुवा, दिवसभर उन्हात टाका, जाईल.”

फसवणूक झाली ती या वाक्यात, कारण ते अर्धं खरं आहे. मुशी आणि पाकट यांच्या मांसात जिवंतपणीच युरिया भरपूर असतो. मासा मेला की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात, म्हणून नीट वाळवलेल्या मुशीलाही थोडा अमोनियाचा वास असू शकतो. बांगड्याचं तसं नाही. त्याच्या मांसात असा युरियाचा साठा नसतो. बांगड्याला अमोनियाचा उग्र वास मारला, तर तो मांसातली प्रथिनं कुजल्याचा असतो. त्याने मुशीचं कारण बांगड्याला चिकटवलं आणि दोन्ही एकाच डब्यात असल्यामुळे मला ते पटलं.

सांगितल्याप्रमाणे मी धुतलं, उन्हात टाकलं. संध्याकाळी वास खरंच गेला होता! अमोनिया पाण्यात विरघळतो आणि उन्हावाऱ्यात उडून जातो, त्यात नवल काही नाही. पण वास गेला म्हणजे मांस पुन्हा चांगलं होत नाही. कुजण्याची खूण पुसली गेली, कुजणं तसंच राहिलं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण दोन किलो टाकवत नव्हते.

कालवण केलं. पहिल्याच घासाला जिभेला मिरी चावल्यासारखी चुणचुण लागली. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. दीर मात्र “तिखट झालंय” म्हणत जेवले. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, डोकं ठणकायला लागलं, छाती धडधडू लागली. डॉक्टरांनी आधी काय खाल्लं ते विचारलं आणि हिस्टामिनचं नाव घेतलं. बांगडा, कुपा, तारली अशा माशांत हिस्टिडिन नावाचं द्रव्य जास्त असतं. मासा पकडल्यावर मीठ लावायला किंवा गार करायला उशीर झाला, तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन वाळवून, धुवून, उकळून, तळून, कशानेही जात नाही. त्याला स्वतःचा वासही नसतो. म्हणजे वास नसलेला बांगडाही त्रास देऊ शकतो. अमोनियाचा वास आला तर मासा टाकायचाच, पण वास न येणं ही हमी नाही. दिरांना औषधाने काही तासांत आराम पडला. घशाला सूज किंवा श्वासाला त्रास वाटला तर मात्र घरी थांबू नये, थेट दवाखाना गाठावा.

दुसऱ्या दिवशी मी उरलेला बांगडा उजेडात नीट पाहिला. मी फक्त अर्धाच धुतला होता, बाकीचा डब्यात तसाच होता. तो भरला १ किलो. वरचं मीठ ब्रशने झाडलं तर १२० ग्रॅम निघालं, बारीक आणि कोरडं. त्याच्या खाली दुसरं मीठ होतं, जाडं, पिवळट, मांसात मुरलेलं. म्हणजे जुना माल पुन्हा मीठ लावून नवा केलेला. पिशवीतला आंबूस वासही आता उलगडला. व्हिनेगरसारखं काहीतरी मारलं असणार, कारण आंबटाने अमोनिया तात्पुरता बांधला जातो आणि नाकाला कळत नाही. पोटाच्या घडीत गुलाबी, चिकट डाग होते. मीठ आवडणारे जिवाणू असतात, ते मिठातूनच येतात आणि ओल मिळाली की खाऱ्या माशावर असा रंग धरतात.

मग झाडलेले तुकडे दोन दिवस कडक उन्हात ठेवून पुन्हा वजन केलं. ७१० ग्रॅम. डबा हवाबंद होता, तेव्हा हे १७० ग्रॅम पाणी बाहेरून आलेलं नाही, मालाबरोबरच आलं होतं. मीठ आणि पाणी मिळून किलोमागे २९० ग्रॅम मी मासळीच्या भावाने घेतलं.

सगळं कुजलं ते या पाण्यामुळे. बांगडा जाड असतो. घाईत तापवला की वरची कातडी कडक होते आणि काट्याजवळचं मांस ओलं राहतं. बंद डब्यात ती ओल हळूहळू सगळीकडे पसरते, दिवसरात्रीच्या फरकाने झाकणाला थेंब धरतात, ते परत माशावर पडतात. आणि डबा सैल असला, तर दमट हवेतलं पाणी मीठच ओढून घेतं. म्हणून आता मी घेतानाच एक तुकडा काट्याजवळ अंगठ्याने दाबून बघते. दबला किंवा न मोडता नुसता वाकला तर घेत नाही. वरचं मीठ झाडून खालचा रंग बघते. घरी आणल्यावर एक तुकडा कोमट पाण्यात टाकून झाकण ठेवते आणि दहा मिनिटांनी हुंगते, कारण कोमट पाण्यात लपलेला वास वर येतो. मुशी वेगळ्या डब्यात ठेवते, म्हणजे कोणाचा वास कोणाचा हा वादच उरत नाही.

टाकायचं कधी, याचं माझं उत्तर आता सरळ आहे. बांगड्यासारख्या माशाला अमोनियाचा वास आला की लगेच, धुवून बघायचं नाही. मुशीला थोडी सवलत. अर्धा तास उघड्यावर ठेवून मधोमध मोडते, आतूनही डोळ्यांना झोंबलं किंवा मांस पिठासारखं भुगा झालं तर टाकते. चिकटपणा, गुलाबी डाग, बुरशीची लव किंवा अळ्या दिसल्या तर मासा कोणताही असो, तो जातो. मांजरालाही देत नाही.

विक्रेत्याला वजनाचा हिशोब आणि डागांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, “पुढच्या वेळी अर्धा किलो जास्त देतो.” उरलेला बांगडा, मुशी, सगळं दोन पिशव्यांत बांधून टाकलं. डबा गरम पाण्याने तीनदा घासला, वास जाईना, मग तोही टाकला.