हेडलाईटचा पिवळा दिवा आणि न बदललेला सेन्सर

डॅशबोर्डवर हेडलाईटचं चित्र आणि शेजारी वर-खाली बाण असा पिवळा दिवा लागला, तर बल्ब गेलेला नसतो. मागच्या चाकाजवळचा सेन्सर गाडी किती दबली आहे ते सांगतो, आणि त्यावरून हेडलाईटमधली मोटर फोकस वर-खाली करते. सेन्सरकडून काही कळेनासं झालं की बऱ्याच गाड्या फोकस मुद्दाम खाली नेऊन ठेवतात, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. आमच्या गाडीत वळणावर लाईट फिरायचेही बंद झाले.

भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी लावून पाहिलं. लो बीमची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा पाचेक सेंटिमीटर खाली हवी, ती तेरा सेंटिमीटर खाली होती. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर. म्हणजे जो उजेड ६५ मीटरपर्यंत जायचा, तो २५ मीटरवर संपत होता. ताशी ८० च्या वेगाला हे अंतर सव्वा सेकंदाचंही नाही. साताऱ्याहून कराडकडे जाताना हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली तेवढ्यात दिसून काय उपयोग?

हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि म्हणाला, "साहेब, सेन्सर गेलाय. नवा टाकून कॅलिब्रेशन करून देतो." साडेअठरा हजार घेतले. जुना सेन्सर मागितला तर "कंपनीला परत जातो" म्हणे. पक्कं बिलही दिलं नाही. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र विझला होता आणि उजेड लांब पडत होता.

चार दिवसांत दिवा परत लागला. गंमत म्हणजे उजेड तसाच लांब.

तिथेच शंका आली. बिघाड आहे तर फोकस खाली का गेला नाही? ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली. सेन्सर जुनाच, त्यावरचा चिखलसुद्धा हललेला नव्हता. सेन्सरपासून सस्पेन्शनच्या आर्मपर्यंत जाणारी बोटभर दांडी तेवढी निखळली होती. पहिल्या गॅरेजवाल्याने फक्त बिघाडाचा कोड पुसला होता आणि हेडलाईटमागचे स्क्रू पिळून फोकस वर चढवला होता. मिस्त्रींनी दांडी बदलल्याबरोबर मोटर आपल्या जागेवर आली आणि फोकस थेट समोरच्याच्या काचेवर! स्क्रू तसेच राहिले असते, तर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीने डिपर मारला असता.

मग टायरची हवा बघून, रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करून त्यांनी स्कॅनरने कॅलिब्रेशन केलं आणि स्क्रू मूळ जागी आणले. सगळे मिळून अडीच हजार झाले.

पैसे देण्याआधी स्कॅनरवर त्या सेन्सरचा चालू आकडा दाखवायला सांगा आणि दोघांना डिकीत बसवा. आकडा हलला नाही, तर काम झालेलं नाही. आणि स्क्रूवर पान्याच्या ताज्या खुणा दिसल्या, तर त्या का, ते तिथेच विचारा.