नव्या विक्रेत्यांना: जास्त मार्जिन घ्यावे की परतीची हमी?

नमस्कार, आमच्या पिठाच्या गिरणीशी जोडले गेल्याबद्दल तुमचे मनापासून स्वागत.

पीठ आणि मैद्याची पोती घेण्यासाठी आमचे दोन करार आहेत. पहिल्या करारात खरेदी दरावर 8 टक्के मार्जिन मिळते, पण माल परत घेतला जात नाही. दुसऱ्यात मार्जिन 5 टक्केच. मात्र किडलेले किंवा खवट झालेले पोते आम्ही पूर्ण दराने परत घेतो.

100 पोती घेतली आणि 4 खराब निघाली, असे धरा. पहिल्या करारात 96 पोत्यांच्या विक्रीतून हाती साधारण पावणेचार पोत्यांच्या किमतीएवढा नफा उरतो, दुसऱ्यात जवळपास पाच पोत्यांएवढा. शेकडा दोनच पोती खराब होत असतील तर पहिला करार सरस. तीन झाली की दुसरा.

गव्हाच्या अख्ख्या पिठात अंकुराचे तेल असते, म्हणून ते मैद्यापेक्षा लवकर खवट होते. पिठासाठी दुसरा करार घ्या, असे आम्ही स्वतः सांगू. मैदा झपाट्याने खपत असेल तर पहिला.

प्रत्येक पोत्यावर दळणाची तारीख असेल. जाळी, कडवट वास दिसला की लगेच कळवा. दुकानात ओल लागून गाठी झालेले पोते मात्र परत घेता येणार नाही. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचा.