काळ्या पट्टीखालचा खाते क्रमांक

दादाने नागपूरच्या मनीषनगरात जुना फ्लॅट घेतला, त्या व्यवहारात आमचे तीन लाख गेले. पोलिसांत तक्रार झाली आहे, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. फसवणूक झाली ती कागद दाखवण्यातून. घरात बयाणापत्र किंवा भाडेकरार वाचून घ्यायला कुणाला पाठवणार असाल, तर हे आधी वाचा.

फ्लॅटचे मालक निवृत्त, पुण्याला मुलाकडे राहणारे. बोलणं फोनवर आणि मध्ये दलाल. बयाणापत्राचा मसुदा दलालाच्या ऑफिसातून आला. त्यात दोन्ही बाजूंचे आधार, पॅन, पत्ते, विक्रेत्याचा खाते क्रमांक, आयएफएससी आणि पुढचे हप्ते कोणत्या तारखेला किती, हे सगळं होतं. ओळखीच्या जाणकारांनी एकदा नजरेखालून घालावं म्हणून तो सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार होता. दादाने दलालाला सांगितलं, "नंबर तेवढे झाकून पाठवा." फाइल आली तेव्हा प्रत्येक आकड्यावर जाड काळी पट्टी होती. दिसायला चोख. ती पुढे कुठकुठे फिरली, ते आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या हप्त्याच्या आदल्या दुपारी दादाला फोन आला. आवाज तरुण, बोलणं अगदी इथलंच. "भाऊ, मी काकांचा पुण्याहून मुलगा बोलून राहिलो. उद्या तुम्ही तीन लाख टाकून राहिले ना? बाबांच्या खात्याची केवायसी अडकली, बँकेने खातं थांबवलं." मग त्याने बाबांचं जुनं खातं कोणतं ते एकेक आकडा करत वाचून दाखवलं. दादाने समोरच्या मूळ कागदाशी ताडून पाहिलं, बरोबर निघालं. हप्त्याची रक्कम बरोबर, तारीख बरोबर, विक्रेत्याच्या बायकोचं नावही बरोबर. नवं खातं तिच्या भावाचं म्हणून दिलं. अॅपमध्ये खातेदाराचं नाव वेगळं दिसलं, पण तसंच दिसेल हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. आरटीजीएस झाली. दुसऱ्या दिवशी खऱ्या काकांचा फोन आला, "हप्ता कधी टाकताय?"

दादाचा हिशेब साधा होता. खाते क्रमांक आपण काळा केला, म्हणजे तो आपल्याला आणि विक्रेत्यालाच माहीत. जो हा क्रमांक सांगतो तो घरचाच. झाकलेली गोष्ट अशीच ओळखीची खूण होऊन बसते. ती झाकलेली नसेल, तर सगळं उलटतं.

त्या संध्याकाळी मी फाइल लॅपटॉपवर उघडली. काळ्या पट्टीवर माउस दाबून ओढला, तर पट्टीच्या आत निळी निवड उमटली. Ctrl+C, मग नोटपॅडमध्ये Ctrl+V. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमुळे कडबोळं होऊन उतरला, पण आकडे स्वच्छ! आधार, पॅन, खातं, सगळं एकाखाली एक. पट्टी म्हणजे पानावर काढलेला एक चौकोन होता. खालचा मजकूर फाइलमध्ये जसाच्या तसा होता. स्कॅन केलेल्या कागदाचंही असं होतं: स्कॅनिंग अॅप शब्द ओळखून चित्रामागे मजकुराचा अदृश्य थर ठेवतं, आणि आपण काळं करतो ते फक्त चित्र. मोबाइलवर हायलायटरने खोडलं तर शाई अर्धपारदर्शक असते, उजेड वाढवला की आकडे वर येतात.

आता आमच्या घरातून कागद जातो तो असा. मसुदा वर्डमध्ये असेल तर त्याची प्रत काढतो आणि त्या प्रतीतले आकडे पुसून तिथे शब्द लिहितो. बयाणापत्रात सोय तयारच असते: 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. नावाच्या जागी तेच, खात्याच्या जागी 'लिहून देणाऱ्याचं बचत खातं', आधारच्या जागी 'आधार, मूळ प्रतीत'. जुने बदल आणि शेरे फाइलमध्ये लपून राहतात, ते काढतो, मगच पीडीएफ करतो. नुसता कागद हातात असेल तर त्यावर पांढरा कागद चिकटवून झेरॉक्स काढायची आणि त्या झेरॉक्सचा फोटो घ्यायचा. जुनी पद्धत आहे, पण तिच्याखाली काही उरत नाही. पाठवण्याआधी फाइलमध्ये खात्याचे शेवटचे चार आकडे शोधून बघायचे, Ctrl+F, आणि काळ्या जागेवरून एकदा माउस ओढायचा. फाइलच्या नावातही माणसाचं नाव आणि फ्लॅट नंबर नको. आमच्या फाइलच्या नावात दोन्ही होतं.

काय झाकायचं यावर घरात वाद झाला. वहिनी म्हणाली, "मग हप्त्याचं कलमच काढून टाका ना." पण तपासणाऱ्याला तेच बघायचं असतं: पैसे किती, कशाच्या बदल्यात, ताबा कधी, मोडलं तर बयाणा कुणाचा. ते काढलं तर वाचणार काय? म्हणून रकमा ठेवायच्या आणि त्या कुणाशी जोडता येतील अशा गोष्टी काढायच्या. नाव, मोबाइल, नातलगांची नावं, साक्षीदार, सह्या, अंगठ्याचे ठसे, आणि तारखेऐवजी 'बयाण्यानंतर तीस दिवसांनी'. चोराला आकड्यांपेक्षा ही सांगड जास्त उपयोगी पडते. आमच्याकडे विक्रेत्याच्या बायकोचं नाव दुसऱ्या पानावर उघडंच होतं.

मागे जोडलेली आधारची प्रत वेगळीच अडचण आहे. मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार उघडे असतात. पण पत्ता तसाच असतो, आणि क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, जन्मतारीख, पत्ता मिळतो. मसुदा वाचायला ती प्रत लागतच नाही, काढून टाका. आणि झाकायचे आकडे सगळीकडे तेच झाका. एका पानावर पहिले आठ आणि पावतीवर शेवटचे चार झाकले, तर दोन्ही मिळून पूर्ण नंबर तयार होतो.

मौजा म्हणजे गाव आणि खसरा म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक, यांचं मात्र ठरवावं लागतं. मालकीचा शोध घ्यायचा, प्लॉट नियमित झाल्याचं आरएल पत्र ताडायचं, तर वकिलाला ते लागणारच. पण खसरा आणि प्लॉट मिळाला की नोंदणी खात्याच्या ऑनलाइन सूची क्रमांक २ मधून आधीच्या खरेदीतलं मालकाचं नाव काढता येतं, मग नाव झाकून काय फायदा? म्हणून ग्रुपवर फक्त मौजा, आणि पूर्ण प्रत एकाच वकिलाला, ऑफिसात जाऊन हातात.

पैशांचं म्हणाल तर कळल्याबरोबर सायबर हेल्पलाइन १९३० लावला, cybercrime.gov.in वर तक्रार घातली, बँकेला तक्रार क्रमांक दिला. पुढच्या खात्यात काही रक्कम रोखून धरली आहे, बाकी एटीएममधून निघून गेली. रोखलेली सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल म्हणतात. बँकेने भरपाई नाकारली, कारण रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं ग्राहक-संरक्षणाचं परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी होतं, आणि इथे पिन दादानेच टाकला होता.

फ्लॅटचा सौदा टिकला. नवा मसुदा नावं-नंबर काढून तयार केला आणि ओळखीच्या एका निवृत्त बँक मॅनेजरकाकांना पाठवला. त्यांनी पाचव्या कलमावर बोट ठेवलं: लिहून देणाऱ्याच्या गृहकर्जाची नो ड्यूज कधी मिळणार, हे कुठेच लिहिलेलं नाही.